चोच आधी, गळा शेवटी



आकाशवाणीवरून फोन आला, की राळेगावकडच्या पाखरांबद्दल काहीतरी बोला. राळेगाव म्हटलं की लोकांना अजून बोराटीच्या जंगलातली, 2018 मध्ये मारली गेलेली ती वाघीणच आठवते. कॅमेरा घेतलेला जो तो वाघाच्या मागे. मी आज तुम्हाला जंगलात नेणार नाही. बाजार समितीच्या आवारात, नाहीतर तुमच्याच खळ्यावर नेतो. पोतं फाटतं, काट्याजवळ जवारी सांडते, आणि घटकाभरात तिथं भुरकट पाखरांचा थवा उतरतो. पोरं मोबाइलवर फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘चिमण्या’.

त्या सगळ्या चिमण्या नसतात. सांडलेल्या दाण्यावर निदान चार घराणी एकत्र जेवत असतात: चिमणी, सुगरण, मुनिया आणि फिंच. चौघांनाही दाणा फोडायचा असतो, म्हणून चौघांची चोच आखूड आणि जाड. त्यामुळेच फसगत होते. फोटोवरून ती वेगळी करायची तर क्रम पक्का ठेवा. आधी चोच, मग रेघा, शेवटी गळा. पुन्हा सांगतो, आधी चोच, मग रेघा, शेवटी गळा. लोक नेमके उलटे जातात. गळ्याचा रंग डोळ्यांत भरतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतात.

गळा शेवटी का? कारण गळ्याचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. सुगरणीचा नर पावसाळ्यात, घरट्याच्या दिवसांत, पिवळ्या माथ्याचा आणि गर्द तपकिरी गळ्याचा असतो. पावसाळा सरला, पिसं झडून नवी आली, की तो मादीसारखाच मातकट होतो. आपल्याकडे जवारी बाजारात येते दिवाळीच्या पुढेमागे. म्हणजे दाणे सांडतात तेव्हा सुगरणीचा पिवळा रंग गेलेला असतो. चिमणीच्या नराचंही तसंच. त्याच्या गळ्याचा काळा डाग हिवाळ्याच्या तोंडाशी अर्धवट झाकलेला दिसतो. नव्या काळ्या पिसांची टोकं फिकी असतात आणि ती टोकं काळ्यावर पांघरूण घालतात. टोकं हळूहळू झिजतात आणि उन्हाळ्यापर्यंत तो डाग आपोआप ठसठशीत होतो. पीस तेच असतं, फक्त टोक झिजलेलं असतं. त्यामुळे डिसेंबरच्या फोटोत गळा काळा नाही म्हणून ती मादी, असं घाईनं म्हणू नका. माथा करडा आणि डोळ्यामागे तांबूस पट्टा दिसला, तर तो नरच.

आता चोचीकडे येतो. माझं मन इथंच रमतं, आणि त्यातही चिमणीची मादी आणि हिवाळ्यातली सुगरण या जोडीत. दोघी साधारण 15 सेंटिमीटर लांबीच्या, दोघी भुरक्या, दोघींच्या पाठीवर रेघा. दोघी शेजारी बसल्या तर शेतात जन्म गेलेला माणूसही गोंधळतो. पण फोटो मोठा करा आणि बाजूनं चोच पाहा. चिमणीची चोच मध्यम जाड. वरची कड थोडी कमानदार, आणि कपाळ जिथं चोचीला भेटतं तिथं लहानसा खळगा दिसतो. सुगरणीची चोच बुडाशी चांगलीच जाड, सरळ कडांची, सुळकेदार. तिची वरची कड कपाळाच्या उताराला जवळजवळ सलग मिळते, त्यामुळे डोकं पुढं निमुळतं झाल्यासारखं दिसतं. ही एक खूण पटली की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम माथ्यावर होतं. चिमणीच्या मादीचा माथा साधा, एकसारखा मातकट, त्यावर रेघ नाही. हिवाळी सुगरणीच्या माथ्यावर पाठीसारख्याच काळसर रेघा असतात, थेट कपाळापर्यंत. पाठ दोघींची रेघाळ, माथा मात्र एकीचाच रेघाळ. हे वाक्य लिहून ठेवा. शिवाय सुगरणीची शेपूट आखूड, आणि भुवई रुंद, पिवळसर मातकट. चिमणीच्या मादीलाही डोळ्यामागे फिकी पट्टी असते, म्हणून नुसत्या भुवईवर निकाल देऊ नका.

मुनिया त्यामानानं सोपी. एकतर ती लहान, दहा-अकरा सेंटिमीटरची. चिमणीशेजारी बसली तर पिल्लू वाटते. पण तिची चोच पिल्लाची नसते. डोक्याच्या मानानं ती मोठी असते, जाड, तिकोनी, बहुधा निळसर करडी. आणि मुनियेच्या पाठीवर चिमणीसारख्या ठळक काळ्या रेघा नसतात. चोच करडी तिकोनी, पाठ सपाट रंगाची, म्हणजे मुनिया. मग गळा पाहायचा, आता गळा उपयोगी पडतो. गळा आणि चेहरा गडद तपकिरी, छाती-पोटावर खवल्यांची नक्षी, ती ठिपकेवाली मुनिया. गळा आणि पोट पांढरट, शेपूट काळी आणि टोकदार, ती पांढऱ्या कंठाची मुनिया. चोच लाल, ती लाल मुनिया. ठिपकेवालीची पिल्लं मात्र नुसती भुरी असतात. त्यांच्यावर खवले नसतात, गळा गडद नसतो. अशा वेळी पुन्हा चोचीकडेच जायचं. आणखी एक गोष्ट, मुनियांचा ओढा बारीक दाण्याकडे, गवताच्या बियांकडे. त्या बहुधा ढिगाच्या मध्यावर नसतात, कुटाराच्या कडेला असतात. फोटोच्या कोपऱ्यात शोधा.

राहिली फिंच. आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेकडून गुलाबी फिंच येते. नराचं डोकं आणि गळा गुलाबी लाल, त्याला कोणीही ओळखेल. मादी मात्र ऑलिव्ह-मातकट, आणि तिचा फोटो हमखास ‘चिमणी’ म्हणून पाठवला जातो. तिची चोच आखूड आणि फुगीर, वरून-खालून दोन्हीकडून गोलावलेली, हरभऱ्याच्या घाट्यासारखी. पंखावर दोन फिके पट्टे, शेपटीला खाच. चेहरा कोरा, भुवई नाही, त्यामुळे काळाभोर डोळा उठून दिसतो. आणि मुख्य म्हणजे तिच्या छातीवर रेघा असतात. चिमणीच्या छातीवर रेघा नसतात. साध्या सुगरणीच्या छातीवर ठळक रेघा नसतात, फारतर बगलेला पुसट. म्हणून मी पोरांना नेहमी सांगतो, ‘रेघा आहेत’ एवढं म्हणून थांबू नका. रेघा कुठं आहेत ते सांगा. पाठीवर, माथ्यावर, की छातीवर?

यात एक अडचण आहे. रेघाळ सुगरण म्हणून सुगरणीची आणखी एक जात आहे, पाणथळ गवतात राहणारी, तिच्या छातीवरही रेघा असतात. मग काय करायचं? पुन्हा चोच. ती सरळ सुळकेदार असेल तर सुगरण, फुगीर गोल असेल तर फिंच. आणि भुवई. रेघाळ सुगरणीची भुवई ठळक, फिंचला भुवईच नाही.

आता एक फोटो घेऊन हे करून पाहू. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं डिसेंबरात आवारातला फोटो पाठवला होता. सांडलेली जवारी, त्यावर आठ पाखरं. पुढची तीन बाजूनं दिसत होती. चोच मध्यम, कपाळाशी खळगा, छाती कोरी. दोघींचा माथा साधा, म्हणजे चिमणीच्या माद्या. तिसऱ्याचा माथा करडा, गळ्यावर राखाडी झाकोळलेला डाग, म्हणजे नर. त्यांच्यामागे दोन पाखरं, चोच बुडाशी जाड आणि माथा रेघाळ. त्या सुगरणी. नर की मादी, ते डिसेंबरात फोटोवरून सांगू नये. डावीकडे कुटारात दोन इवलीशी, चोच तिकोनी करडी, गळा पांढरट, शेपूट टोकदार. पांढऱ्या कंठाच्या मुनिया. आठवं पाखरू पाठमोरं, मान खाली घालून दाणे टिपणारं. चोच दिसत नाही, छाती दिसत नाही. पाठीवर रेघा आहेत, पण त्या तर चिमणीलाही असतात, सुगरणीलाही. तिथं लिहायचं, ‘ठरवता येत नाही’. हे उत्तर लिहायला लाज वाटायचं कारण नाही.

इथं थोडं रागावतो. फोटो पाठवण्याआधी त्याचे रंग चढवू नका, बाबांनो. मोबाइल आधीच स्वतःहून चित्र धारदार करतो, त्यामुळे साध्या फुगलेल्या पिसांच्या कडाही रेघा वाटतात. वर तुम्ही पिवळेपणा वाढवता, मग चिमणीचाही गळा पिवळा होतो. सावलीनंही अशीच फसगत होते. वरून ऊन असलं की चोचीची सावली गळ्यावर पडते आणि मादीला काळा डाग असल्याचा भास होतो. तोच पक्षी पुढच्या फोटोत मान वळवतो आणि डाग गायब. म्हणून एकच फोटो नको, त्याच पाखराचे तीन-चार हवेत. उभ्यानं वरून काढू नका, बसून काढा, म्हणजे बाजूनं चोच आणि छाती दोन्ही मिळतात. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर माथ्यावरच्या बारीक रेघा वाटेतच पुसल्या जातात.

मात्र गळ्याला अगदीच टाकून बोलू नये. आपल्या पळसा-मोहाच्या रानात एक रानचिमणी आहे, तिच्या नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका असतो. मुंबईत 1908 च्या सुमारास एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं असंच पाखरू पाडलं. गळा पिवळा दिसला म्हणून ते ओळखायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलर्ड साहेबांनी ते ओळखलं आणि कपाटातली पेंढा भरलेली कितीतरी पाखरं त्याला दाखवली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. ही रानचिमणी कधी दाण्यावर आलीच, तर तिचीही चोच आधी पाहा. घरच्या चिमणीपेक्षा ती सडपातळ आणि टोकदार असते. आणि पाठ कोरी असते, एक रेघ नाही. त्यानंतर गळ्याचा पिवळा ठिपका. तोही मादीत पुसट असतो.

काचेपलीकडून हाताची खूण होते आहे. भारीट तर राहिलेच. काळ्या डोक्याच्या भारिटांचे थवेच्या थवे हिवाळ्यात जवारीवर येतात. एवढंच लक्षात ठेवा, की त्यांची चोच करडी आणि लांबट असते, शेपूट लांब असते, आणि शेपटीखाली पिवळेपणा दिसतो. डोक्याचा काळा रंग हिवाळ्यात झाकलेला असतो, त्यावर जाऊ नका. ते फिंच नव्हेत, त्यांचं घराणं पाचवं. सविस्तर पुन्हा कधी बोलावलं तर. तोवर चोच, रेघा, गळा, याच क्रमानं.