कोटेशनची शेवटची ओळ शेवटी वाचा

कामगारांच्या तपासणीसाठी दवाखान्याचा प्रस्ताव कारखान्याच्या टेबलावर आला की नजर आधी शेवटच्या आकड्यावर जाते. तो आकडा सर्वांत शेवटी का वाचायचा, हे आज एका फाउंड्रीच्या उदाहरणाने सांगतो.

समजा, कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत १२० कामगार आहेत, ८० कायम आणि ४० ठेकेदाराचे. प्रस्ताव या १२० जणांचा हवा. पुष्कळदा तो ८० जणांचाच असतो आणि कास्टिंग घासणारे, सर्वांत जास्त धूळ खाणारे नेमके बाहेर राहतात.

तपासणी कामावरून ठरते. नॉकआउट आणि फेटलिंगवर वाळूतली सिलिका उडते, तिथल्या माणसाला छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसाची फुंकून घ्यायची चाचणी हवी. ग्राइंडरवाल्याला श्रवणचाचणीही हवी. ती पाळी सुरू होण्याआधी, शक्यतो सुट्टीनंतरच्या सकाळी घ्यावी. आवाजातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचे कान काही तास दबलेले असतात, त्यामुळे तात्पुरता बहिरेपणा कायमचा वाटतो. कँटीनच्या गोंगाटात घेतलेली चाचणी तर वायाच जाते.

आता डॉक्टरच्या भेटी. कारखाने अधिनियम १९४८ च्या पहिल्या अनुसूचीत फाउंड्री धोकादायक प्रक्रियांत मोडत होती. अशा ठिकाणी ५१ ते २०० कामगारांसाठी आठवड्यातून किमान दोनदा येणारा अर्धवेळ डॉक्टर आणि कामाच्या सगळ्या वेळात हजर असणारा कंपाउंडर, असा कारखाना नियमांचा दंडक चालत आला आहे. ‘महिन्याला दोन भेटी’ हा प्रस्ताव स्वस्त दिसतो, पण दंडकात बसत नाही. भेटीतला काही वेळ शॉप फ्लोअरवर गेला पाहिजे, हेही लिहून घ्या. धूळ कुठून उडते ते न पाहिलेल्या डॉक्टरला खोकल्याचे कारण कळणार कसे?

आता दर. ‘माणशी अमुक रुपये, सगळे मिळून’ हा दर मला धोक्याचा वाटतो, कारण एखादी चाचणी गाळली की तेवढा दवाखान्याचा फायदा. दर तीन भागांत मागा: भेटींचा, कंपाउंडरच्या पगाराचा आणि प्रत्यक्ष झालेल्या चाचण्यांचा. भेटीला २,५०० रुपये धरले, तर वर्षाच्या १०४ भेटींचे २ लाख ६० हजार होतात. चाचण्यांचे बिल नावानिशी यादीवरून द्यायचे. एक्स-रे कोण वाचणार आणि शंका आली तर पुढची तपासणी कोणाच्या खर्चाने, हे करारातच असावे.

वर्षअखेर अहवाल उघडा. फेटलिंगवरच्या सगळ्यांचे कान उत्तम आणि सगळे ‘फिट’ असतील, तर तपासणी झाली की नुसते शिक्के पडले, हे विचारा. कामगाराला त्याच्या अहवालाची प्रत मिळाली का, हेही विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रस्तावात आधीच लिहिलेली आहेत, त्याचा दर थोडा जास्त असला तरी तोच स्वीकारा.