संध्याकाळचे तीन तास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वान माणसाने उभे राहावे अशी रीत आहे. आम्ही विद्वान नाही. आयुष्यभर मुलांना गणित शिकवले आणि निवृत्त झालो. तरीही चिटणीसांनी आम्हांस आज येथे उभे केले, याचे कारण आमच्या घरी गेली सहा वर्षे काय चालले आहे हे सगळ्या तलवाड्यास ठाऊक आहे. आमच्या सौभाग्यवतींना स्मृतिभ्रंश झाला आहे. डॉक्टर त्यास डिमेन्शिया म्हणतात. गावात त्याला चळ म्हणतात, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देतात. आम्हीही पहिली दोन वर्षे तेच केले.

त्वरितादेवीच्या दर्शनाला चाळीस वर्षे जाणारी ही बाई एके दिवशी देवळाबाहेर आली आणि घराची वाट सोडून भलत्याच गल्लीत शिरली, तेव्हा आम्ही जागे झालो. मग तपासण्या झाल्या. त्या आवश्यक असतात, कारण थायरॉइडचा विकार, शरीरात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाचे खोल औदासीन्य किंवा पडल्यामुळे मेंदूभोवती साचलेले रक्त, यांनीही माणूस असाच विसरू लागतो, आणि यांवर उपचार आहेत. हिच्या बाबतीत यांतले काही निघाले नाही. हा मेंदूचाच रोग होता. तो हळूहळू वाढतो, आणि त्याला मुळापासून बरे करणारे औषध आजही नाही. साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा विकार असावा, असा आपल्या देशाचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे या मांडवात आमच्यासारखे आम्ही एकटेच नसणार.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते सांगताना मान खाली जाते, पण ते वगळले तर बाकीच्या बोलण्यास अर्थ उरत नाही. दिवस मावळू लागला की ही उठून दाराशी जाई आणि म्हणे, “मला घरी जायचंय.” आम्ही म्हणायचो, “अगं, हेच तुझं घर.” ती पुन्हा म्हणे. आम्ही पुन्हा सांगायचो. एका संध्याकाळी हे तीस-चाळीस वेळा झाले. चुलीवर दूध उतू गेले होते, रात्रभर आमची झोप झालेली नव्हती, आणि तिने कडी काढलेली आम्ही पाहिली. आम्ही तिचे मनगट धरून तिला आत ओढले. दोन बांगड्या फुटल्या, काच रुतून रक्त आले. ती भिंतीशी अंग चोरून म्हणाली, “मारू नका मास्तर, मी पाढे पाठ करते.”

आम्ही शाळेत कधी मुलावर छडी उगारली नव्हती. त्या रात्री आम्हांस कळले की आमच्या घरात रोगी एक नव्हे, दोन आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आमची कानउघाडणी केली नाही. त्यांनी एक वही करावयास सांगितली. वहीत तीन रकाने: गडबड होण्यापूर्वी काय घडले, हिने काय केले, आणि त्यानंतर आम्ही काय केले. गणिताच्या मास्तराला एवढे जमण्यासारखे होते. दहा दिवस लिहिले आणि मग वही उघडून बसलो. दहापैकी सात दिवशी गडबड साडेपाच ते सहाच्या दरम्यान सुरू झालेली होती, आणि तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसत होत्या. चार वाजता चहा होई, पण त्यानंतर हिला कोणी मोरीकडे नेत नसे. लघवीची भावना होई, ती सांगता येत नसे, म्हणून ती उठून दाराशी जाई. दुसरे, वीज वाचवावी म्हणून आम्ही दिवा उशिरा लावत असू. माजघरात अंधारून येई आणि ओळखीच्या भिंती तिला अनोळखी वाटू लागत. तिसरे, नेमके त्याच वेळी आम्ही स्वयंपाकाला आत जात असू आणि ती एकटी उरे.

तिसऱ्या रकान्यात तर सर्वत्र एकच नोंद होती: समजावून सांगितले. समजावून सांगणे म्हणजे तिच्याशी वाद घालणेच होते. ज्याच्या मेंदूत नवी गोष्ट टिकत नाही, त्याला दहाव्यांदा दिलेले उत्तरही पहिलेच असते. त्याच्या कानी राहतो तो फक्त आपल्या आवाजातला चढलेला सूर.

मग आम्ही बदल केले. भाजीभाकरी चारच्या आत आटोपून घेतली. साडेचारला तिला आठवणीने मोरीकडे नेऊ लागलो. पाच वाजताच दिवे लावले. समोर सुपात मेथी किंवा भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या, आणि आम्ही शेजारी बसलो. तिने निवडलेल्या मेथीत काड्या राहतात. त्या आम्ही नंतर काढतो, तिच्यासमोर नाही. आणि “घरी जायचंय” म्हणाली की आता म्हणतो, “जाऊ की. दादा या वेळी काय करत असतील गं?” मग ती वडिलांच्या विहिरीवरची मोट सांगू लागते. तिला हवे असते ते घर विटामातीचे नसते, त्या घरातली निर्धास्ती असते. ती थोडी मिळाली की पाय दारापासून वळतात. पुढच्या चौदा दिवसांत वाईट संध्याकाळी चार निघाल्या. चारही गेल्या नाहीत, हे लक्षात ठेवावे. ही युक्ती आहे, औषध नव्हे, आणि रोग पुढे सरकला की वही नव्याने लिहावी लागते.

येथे एक सावधगिरी सांगतो. हा रोग महिन्यामहिन्यांनी वाढतो, दोन दिवसांत नव्हे. एका वैशाखात ही अचानक रात्रभर बडबडू लागली, दिवसा डोळे मिटून पडू लागली. आम्हांस वाटले, रोगच वाढला. निघाले ते मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग आणि अंगातले पाणी कमी झालेले. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात अशा माणसाला तहान लागल्याचे कळत नाही. भांडे हातात द्यावे लागते. तेव्हा एकदोन दिवसांत माणूस एकदम बदलला, तर ताप, लघवी, शौचाचा खोळंबा आणि नवे सुरू झालेले औषध, हे चार आधी पाहावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. सर्दीच्या व झोपेच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो. माणूस शांत करणाऱ्या जबर गोळ्यांनी अशा रोग्यास पक्षाघाताचा व मृत्यूचा धोका वाढतो. त्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आणू नयेत.

आता दुसऱ्या रोग्याविषयी, म्हणजे सांभाळणाऱ्याविषयी. 1995 साली अमेरिकेत काही संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. घरी स्मृतिभ्रंशाचे माणूस सांभाळणाऱ्या तेरा स्त्रिया आणि त्यांच्याच वयाच्या इतर तेरा स्त्रिया घेतल्या, व प्रत्येकीच्या हातावर मसुराच्या दाण्याएवढी बारीक जखम केली. सांभाळणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. म्हणजे हा ताण केवळ मनात राहत नाही, तो कातडीपर्यंत पोहोचतो. आमच्या बाबतीत तो रक्तदाबात पोहोचला. हिच्या गोळ्या घड्याळावर देणारे आम्ही, स्वतःची गोळी महिनाभर विसरलो होतो. दवाखान्यात दाब पाहिला तो 180 वर 110 निघाला. तेव्हापासून दोघांच्या गोळ्या एकाच डबीत असतात, आणि आधी आमची, मग हिची, असा नियम आहे.

झोपेचेही तसेच. रात्री ती उठेल या धास्तीने आम्ही जागेच असायचो. बैल विकले तेव्हा घुंगरमाळ खुंटीवर राहिली होती. ती दाराच्या कडीला बांधली. दार हलले की माळ वाजते, म्हणून आता कान उघडे ठेवून पडावे लागत नाही. आठवड्यातून एक रात्र पुतण्या आमच्या घरी निजतो, तेव्हा आम्ही शेजारच्या घरी पाठ टेकतो.

हे मागण्यास आम्हांस लाज वाटत होती. नवऱ्याने बायकोचे केले तर लोक कौतुक करतात, पण मदत विचारत नाहीत. बायकोने नवऱ्याचे केले तर कौतुकही करीत नाहीत. मदत मागताना “कधी येऊन जा” असे म्हटले की कोणी येत नाही. आम्ही वार आणि तास ठरवून मागितले: मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी तीन ते सहा. आमची भावजय मंगळवार घेते, शेजारच्या ताई शुक्रवार घेतात. पुण्याचा मुलगा रोज येऊ शकत नाही; त्याने औषधे व तपासण्यांचा खर्च आपल्याकडे घेतला. त्या सहा तासांत घरचे काम करावयाचे नाही, हाही नियमच.

या साध्या गोष्टींचा उपयोग होतो हे आम्ही केवळ स्वतःवरून म्हणत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात दोन तालुक्यांतली 81 कुटुंबे घेऊन हे पडताळून पाहिले गेले. त्याचा वृत्तांत 2008 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या कुटुंबांकडे गावातलीच थोडे शिक्षण दिलेली माणसे निदान पंधरवड्यास एकदा, सहा महिने जात राहिली. रोग समजावणे, वागण्यातील अडचणी कशा हाताळाव्यात ते दाखवणे, गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देणे, घरच्यांत कामाची वाटणी करणे, एवढेच त्यांचे काम. रोग्याच्या वागण्यात वा कामे करण्याच्या शक्तीत ठामपणे सांगण्याजोगा फरक दिसला नाही. पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार मात्र स्पष्टपणे कमी झाला. या निष्कर्षाने आमचे समाधान झाले. हिची आठवण परत आणणे आमच्या हाती नाही. तिच्या मनगटावर पुन्हा ओरखडा न उठू देणे आहे.

हात शिवशिवू लागला, तर काय करावे? हे कोणी विचारत नाही, म्हणून आम्हीच सांगतो. हिला बाजेवर बसवतो, दाराची कडी व चूल पाहतो, आणि अंगणातल्या रांजणाशी जाऊन तोंडावर पाणी मारतो. एकोणतीसचा पाढा म्हणतो. तो म्हणताना राग टिकत नाही. परत येतो तेव्हा ती बहुधा भांडण विसरलेली असते. हा रोग एवढी एक दया करतो. आणि आठवड्यातून दोनदा पाढा म्हणावा लागला, तर दोष आपल्या स्वभावाला न देता झोप आणि वाटणी तपासावी. बोलावेसे वाटले, तर 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतून, पैसे न पडता बोलता येते. समोरासमोर दाखवावयाचे असल्यास जिल्ह्यात अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आज शुक्रवार नाही, मंगळवारही नाही. पुतण्या साडेआठपर्यंत घरी बसला आहे, आणि आता आठ वाजून गेले. पाचला लावलेले दिवे चालू असतील, सूप रिकामे झाले असेल. आम्ही आत गेलो की ती विचारील, “तुम्ही कोण गावचे?” आम्ही सांगू, “तलवाड्याचेच,” आणि शेजारी बसू.