एकच टेक, कट नाही

आजचा एपिसोड माणगावातून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे हायवेचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या.

विषय आहे लाँग टेक. म्हणजे कॅमेरा एकदा सुरू झाला की मध्ये कट न करता अख्खा प्रसंग घ्यायचा. मी कोड लिहून पोट भरतो, सिनेमावाला नाही. पण मागच्या ऑक्टोबरात आम्ही मित्रांनी आमच्या जुन्या कौलारू घरात असा एक शॉट घेतला. घर दिवाळीनंतर पाडायचं होतं. ठरवलं की आजी ओटीवरून उठून माजघरातून, स्वयंपाकघरातून मागच्या विहिरीपर्यंत जाईल आणि फोन तिच्याबरोबर राहील.

कट करून का नाही घेतलं? घेतलं होतं की, आधी तसंच! बघताना ओटीचा फोटो, माजघराचा फोटो, विहिरीचा फोटो असं वाटायला लागलं. ओटीपासून विहिरीपर्यंत आजीला किती पावलं टाकावी लागतात, ते कुठेच दिसेना. तिचं वय ७८. आमच्यासाठी गोष्ट त्या पावलांचीच होती.

दिग्दर्शक लाँग टेक का निवडतात, हे मला खरं कळलं ते चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मुळे. २०१४ चा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही. कोर्टाची खोली लांबून दिसते, वकील बोलतात आणि मग न्यायाधीश तेच थोडक्यात टायपिस्टला सांगतात. दुसरा कोणी असता तर ते सांगणं कापलं असतं. इथे आपण थांबतो, कारण आरोपीही थांबलेला आहे. कट नसल्यामुळे कोणाकडे बघायचं हे दिग्दर्शक आपल्याला सांगत नाही, आपली नजर मागच्या बाकावरच्या माणसांवर जाते. शेवटाकडे कोर्ट रिकामं होतं, दिवे बंद होतात आणि आपण तसेच अंधारात बसून राहतो.

म्हणजे लाँग टेक म्हटलं की धावता कॅमेराच पाहिजे असं काही नाही. पण धावत्या कॅमेऱ्याची तयारी काय असते ते बघायचं तर अल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' बघा, २०१८ चा. हाच क्वारोन ताम्हाणेच्या 'द डिसायपल'चा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होता. 'रोमा'त समुद्रावरचा एक शॉट आहे. पोरं पाण्यात ओढली जातात, त्यांना सांभाळणारी क्लिओ आत शिरते आणि कॅमेरा तिच्या बाजूने लाटांमध्ये जातो. तेवढ्यासाठी त्यांनी समुद्रात जाणारा धक्का बांधला आणि त्यावरून क्रेन सरकवली. दिवेआगरला लाटा बघत उभे असाल तेव्हा आठवून बघा. लाट काही तुमच्या 'ॲक्शन'साठी थांबत नाही, त्यामुळे बाकीचं सगळं आधीच पक्कं लागतं.

आमच्याकडे क्रेन नव्हती, एक फोन आणि एक गिंबल होता. पण कामाचा क्रम तोच. पहिल्या दिवशी फोन खिशातच ठेवला. घराचा नकाशा कागदावर काढला, आजीची वाट आणि कॅमेऱ्याची वाट वेगवेगळ्या रंगात आखली. मग स्टॉपवॉच लावून नुसतं चाललो. साडेतीन मिनिटं. मध्ये घडायच्या गोष्टी मोजल्या तर वीस निघाल्या: आजीने सूप खाली ठेवणं, काकूने आतून हाक मारणं, गिंबलवाल्याने उंबरठा ओलांडणं, मागचं दार उघडणं वगैरे.

इथे माझं इंजिनिअरचं डोकं चाललं. समजा प्रत्येक गोष्ट शंभरात ९५ वेळा नीट होते. ऐकायला चांगलं वाटतं. पण टेक चांगला व्हायला वीसच्या वीस नीट व्हायला हव्यात. ९५ टक्क्यांचा वीस वेळा गुणाकार करा, उत्तर येतं ३६ टक्के. म्हणजे तीनातले दोन टेक वाया! तेच प्रत्येक गोष्ट ९९ टक्क्यांवर नेली की टेक जमण्याची शक्यता ८२ टक्के होते. तालमीचं काम एवढंच, ९५ चे ९९ करणं. दुसरं असं की सगळ्यात अवघड गोष्ट शक्य तितकी सुरुवातीला ठेवा. विसाव्या सेकंदाला फसलं तर परत सुरू करता येतं, तिसऱ्या मिनिटाला फसलं की सगळे थकतात.

आजीला वीस तालमी कशा करायला लावणार? म्हणून चुलतबहीण तिच्या जागी चालली, आजीच्याच संथ चालीने. गिंबलवाला मित्र उलटा चालायचा आणि मी मागून त्याचा पट्टा धरून 'उंबरठा' म्हणून कुजबुजायचो. तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायला लागला, मग पट्टा दोनदा ओढला की उंबरठा, असं ठरवलं.

खरा घोळ उजेडाचा झाला. ओटीवर ऊन आणि माजघरात कौलातल्या एका काचेपुरता प्रकाश. फोन ऑटोवर असला की आत शिरताच चित्र काळं होतं आणि मग हळूहळू उजळतं. बघणाऱ्याला लगेच कळतं की हा फोन आहे. एक्स्पोजर लॉक केलं तर माजघर अंधारातच राहिलं. शेवटी लॉक तसाच ठेवला, माजघरात मोठा बल्ब लावला आणि शूट सूर्य मावळायच्या वेळेवर नेलं, म्हणजे आतबाहेरचा फरक कमी होतो. पण तसा उजेड जेमतेम वीस मिनिटं टिकतो. एक टेक साडेतीन मिनिटांचा, परत मांडामांड करायला पाच. म्हणजे संध्याकाळी दोनच टेक, फार तर तीन.

मधला मार्ग होता. माजघराच्या अंधाऱ्या दारात गुपचूप कट मारायचा आणि दोन टेक जोडायचे. हिचकॉकने 'रोप'मध्ये, १९४८ साली, माणसाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन असेच सांधे लपवले. त्याची अडचण खरी होती, तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म मावायचीच दहाएक मिनिटांची. आमच्या फोनला ती अडचण नव्हती, त्यामुळे मला ती चोरी वाटली. मित्र अजून म्हणतो की मी उगाच ताणलं.

पहिल्या संध्याकाळी एका टेकमध्ये भिंतीवर माझी सावली आली. दुसरा अगदी विहिरीपर्यंत मस्त गेला आणि फोनवर कॉल आला. रेकॉर्डिंग बंद. एअरप्लेन मोड लावायचं वीस गोष्टींच्या यादीत नव्हतंच. ती एकविसावी गोष्ट.

दुसऱ्या संध्याकाळी आजी माजघरात ठरल्याप्रमाणे चालत आली आणि मध्येच थांबली. आजोबांच्या फोटोची चौकट वाकडी होती, ती तिने सरळ केली, पदराने काच पुसली आणि पुढे निघाली. हे कुठे ठरलंच नव्हतं. गिंबलवाला गोंधळून थांबला, मी पट्टा ओढलाच नाही, काकूची हाक उशिरा आली. हिशोबाने तो टेक फसलेला. तरी कोणी कट म्हटलं नाही.

फाइल ३ मिनिटं ४६ सेकंदांची आहे. शेवटी आजी रहाटावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे बघते आणि विचारते, "झालं का रे?" तेही आम्ही ठेवलंय.