बिल्डरचं पत्र आपल्या भाषेत

कर्जत, नेरळ, खोपोली भागात नव्या इमारतींत घर घेणाऱ्या आपल्या गटांतही अनेकजणी आहेत. त्यांपैकी एका ताईंना बिल्डरचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं : 'अपरिहार्य कारणास्तव प्रकल्पास विलंब होत असून ताबा लवकरात लवकर देण्यात येईल. नियमानुसार भरपाईचा विचार केला जाईल.' खाली 'मान्य आहे' म्हणून सहीसाठी जागा होती.

आम्ही बसून करारनामा काढला. ताब्याची तारीख होती ३१ डिसेंबर २०२४. ताईंनी भरले होते १२ लाख रुपये. पत्रात यातलं काहीच नव्हतं, म्हणून ते आम्ही पुन्हा लिहिलं :

'करारानुसार तुमच्या घराचा ताबा ३१ डिसेंबर २०२४ ला द्यायचा होता. आता भोगवटा प्रमाणपत्रासह ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत देऊ. उशीर ९ महिन्यांचा आहे. तुम्ही भरलेल्या १२ लाखांवर, १ जानेवारी २०२५ पासून ताबा मिळेपर्यंत, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला व्याज तुमच्या बँक खात्यात जमा करू. ताबा आणखी लांबला, तर व्याजही चालू राहील. घर नको असेल, तर भरलेले पैसे व्याजासह परत देऊ.'

हे आमच्या मनातलं नाही. रेरा कायद्याच्या कलम १८ मध्ये हे दोन्ही हक्क आहेत : घर ठेवायचं तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज, सोडायचं तर पैसे व्याजासह परत. महाराष्ट्राच्या नियमात व्याजदर आहे स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा मूळ दर, आणि त्यावर २ टक्के. हिशेब समजावा म्हणून १० टक्के धरू. १२ लाखांचं वर्षाचं व्याज १ लाख २० हजार, महिन्याचं १० हजार, नऊ महिन्यांचं ९० हजार. 'भरपाईचा विचार करू' या तीन शब्दांत हे ९० हजार झाकले गेले होते.

दोन ठिकाणी जपायचं. पहिलं, 'काम पूर्ण' आणि 'ताबा' एक नव्हे. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय नुसती किल्ली मिळाली, तर तो ताबा धरू नका. दुसरं, बिल्डरने महारेराकडून प्रकल्पाची मुदत वाढवून घेतली, तरी तुमच्या करारातली तारीख आपोआप बदलत नाही. म्हणूनच तो तुमची 'मान्य आहे' ही सही मागतो. ती सही केली, की तुम्हीच नवी तारीख कबूल केली असं तो म्हणू शकतो. कार्यालयात सही करावीच लागली, तर 'पत्र फक्त मिळाले, माझे हक्क राखून' एवढंच लिहा.

आम्ही लिहिलेला मजकूर ताईंनी बिल्डरला स्पीड पोस्टाने पाठवला. सोबत लिहिलं, 'असं पत्र तुमच्या सही-शिक्क्यानिशी द्या.' पावती आणि प्रत त्यांनी करारनाम्याच्या फाईलला लावली. बिल्डरने असं पत्र दिलं नाही, तर महारेराकडे तक्रार करताना हीच फाईल लागते.

तुमच्याकडे असं पत्र आलं असेल, तर आधी करारनाम्यातली तारीख शोधा. व्याज तिथूनच मोजायचं.