पिन लिहायचाच असेल तर…

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या नववीच्या मुली. गणिताच्या प्रकल्पाला आम्ही विषय घेतला, ‘गुप्त लिपी कशी बनते आणि कशी फुटते’. एटीएमच्या पाकिटावर पिन लिहून ठेवण्याची सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. कुणी त्यात एक मिळवून लिहितं, कुणी फोन नंबरासारखा लिहितं. ही युक्ती किती टिकते, ते आम्हाला बघायचं होतं.

सुरुवात तुम्हाला येणाऱ्या भाषेपासून करू. ‘च’ची भाषा तुम्हीही लहानपणी बोलला असाल. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च ठेवायचा, काना-मात्रा मात्र जागेवरच. ‘माझं नाव’चं होतं ‘चाझंम चावन’, कोल्हापूरचं ‘चोल्हापूरक’. गंमत छान आहे, पण रीत एकदा कळली की सगळ्यांचं सगळं बोलणं कळतं. या कुलपाला वेगळी किल्लीच नाही.

म्हणून किल्ली असलेली रीत घेतली. क ते ळ अशी चौतीस व्यंजनं ओळीने लिहिली आणि प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवलं. ‘शनिवारी बाजार’चं झालं ‘हबिसाशी याटाश’. इथे तीन हा आकडा म्हणजे किल्ली. वाचायला अवघड दिसतं, पण फोडायला सोपं. एक घर मागे गेलं तर ‘सफिषावी’ येतं, दोन घरं मागे ‘षपिशाली’, तीन घरं मागे ‘शनिवारी’. किल्ल्या आहेतच तेहेतीस. एका दुपारी सगळ्या लावून होतात.

मग वाटलं, ओळीने सरकवायचंच नाही. प्रत्येक अक्षराला मनाला येईल ते दुसरं अक्षर द्यायचं. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शेकडो वर्षं सकळ लिपीत जपले, तीही अशीच अक्षरांची अदलाबदल होती. या रीतीच्या किल्ल्या इतक्या की एकेक लावून बघायला जन्म पुरणार नाही. तरी ती फुटते, आणि फोडते आपली बोलायची सवय. कोणती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात ते मोजायचं, ही युक्ती बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने नवव्या शतकातच लिहून ठेवली आहे.

मराठीत हे कसं होतं बघा. आपण व्यंजनं बदलली, पण स्वर आणि काना-मात्रा तशाच ठेवल्या. चिठ्ठीत वाक्यामागून वाक्य ‘आगे’ने संपतंय. वाक्याच्या शेवटी इतक्या वेळा येणारा असा शब्द एकच, ‘आहे’. म्हणजे ग हा खरा ह. आता दुसरीकडे ‘टागी’ दिसलं, तर ते ‘नाही’ किंवा ‘काही’ असणार. वाक्याच्या शेवटी असेल तर बहुतेक ‘नाही’, म्हणजे ट हा न. एक टाका उसवला की पुढचे आपोआप निघतात. मात्र चिठ्ठी दोनच शब्दांची असेल तर मोजायला काही उरत नाही, आणि ती फोडता येत नाही.

आता पिनकडे येऊ. समजा पिन आहे 4729. प्रत्येक आकड्यात एक मिळवला की 5830 होतो, कारण नऊ आणि एक दहा, त्यातलं शून्य घ्यायचं. पाकीट सापडलेला माणूस आधी एकच वजा करून बघणार. तो चुकला तरी सरकवायच्या रीती नऊच, आणि कार्ड बंद पडण्याआधी साधारण तीन वेळा बघायला मिळतंच.

त्याऐवजी प्रत्येक आकड्यात वेगळा आकडा मिळवा. किल्ली 3085 धरू. चार आणि तीन सात, सात आणि शून्य सात, दोन आणि आठ दहा म्हणून शून्य, नऊ आणि पाच चौदा म्हणून चार. लिहायचं 7704. आता चोरापुढे दहा हजार शक्यता आहेत, म्हणजे पाकिटावर काहीच न लिहिल्यासारखं.

पण ही रीत तीन ठिकाणी फसते. किल्ली त्याच पर्समध्ये ठेवली, तर कुलपालाच किल्ली लटकवल्यासारखं. जन्मसाल किंवा फोनचे शेवटचे चार आकडे किल्ली म्हणून घेतले, तर ओळखीच्या माणसाला ते सुचतातच. आणि एकच किल्ली दोन कार्डांना लावली, तर एक पिन कळल्यावर 7704 मधून 4729 आकड्याआकड्याने वजा करून किल्ली हाती येते, मग दुसरं कार्डही उघडतं.

म्हणून पिन डोक्यात राहिला तर लिहूच नका. राहत नसेल, तर प्रत्येक कार्डाला वेगळी किल्ली घ्या आणि ती कागदावर न ठेवता मनात ठेवा. आज घरी गेल्यावर पाकीट उघडून बघा, वर काय लिहिलंय ते.