एकच शेळी, सहा चेहरे

आज आम्ही शेळीबद्दल बोलणार आहोत, पण दुधाबद्दल किंवा लसीबद्दल नाही. ही शेळी कागदावरची आहे.

झालं असं की आमच्या गावच्या अंगणवाडीत ताईंना भावनांची कार्डं हवी होती. तीन-चार वर्षांच्या पोराला "तुला काय झालं?" विचारलं तर ते सांगू शकत नाही. चित्र समोर धरलं तर बोट ठेवतं. माणसाच्या चेहऱ्यापेक्षा शेळीवर पोरं लवकर बोट ठेवतील, असं ताईंचं म्हणणं. आमच्या गटातल्या एकीची लेक कॉलेजात जाते. ती म्हणाली, मोबाईलवर एआयला सांगून चित्रं काढून घेऊ. एआयला चित्रासाठी जो मजकूर लिहून द्यायचा, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात.

आम्ही सहा वेळा सहा प्रॉम्प्ट लिहिले. "हसणारी शेळी काढ." "रडणारी शेळी काढ." "रागावलेली शेळी काढ." चित्रं देखणी आली. कार्डं कापली, अंगणवाडीत नेली. एका चिमुरडीनं हसरी शेळी हातात घेतली, रडणारी बाजूला सारली आणि म्हणाली, "ही आपली नाही, दुसऱ्याची आहे."

मग आम्ही नीट पाहिलं. पोरगी बरोबर होती. हसरी शेळी गुबगुबीत आणि पांढरी. रडणारी बारीक, करड्या रंगाची. रागीट शेळीची शिंगं हातभर आणि अंग तांबडं. घाबरलेलीला तर शिंगंच नव्हती. म्हणजे पोरं भावना ओळखत नव्हती, शेळ्या ओळखत होती. गरीब दिसणारी ती दुःखी, मोठ्या शिंगांची ती रागीट. आपण लेकरांना जे शिकवायचं नाही, नेमकं तेच ती कार्डं शिकवत होती.

असं का होतं? "रागावलेली शेळी" म्हटलं की एआय फक्त कपाळाला आठ्या घालत नाही, ते अख्खी रागीट शेळी नव्यानं काढतं. रागाबरोबर जे जे चित्रांत येतं, तांबडा रंग, मोठी शिंगं, ते सगळं ओढून आणतं. आणि प्रत्येक वेळी कोऱ्या कागदापासून सुरुवात. मागची शेळी कशी होती, हे आपण सांगितलं नाही तर त्याला धरून ठेवता येत नाही.

कार्टून सिनेमा काढणाऱ्यांना ही अडचण फार जुनी. एकच पात्र दहा जण काढायचे, आणि दहा जणांच्या हातून दहा पात्रं व्हायची. म्हणून अमेरिकेत डिस्नेच्या स्टुडिओत 1930 च्या दशकात पात्रांचे नमुना-कागद बनवत. एकाच कागदावर तेच पात्र हसताना, रडताना, चिडताना. सगळ्यांनी तो समोर ठेवून काढायचं. आपणही तेच करायचं ठरवलं: सहा प्रॉम्प्टऐवजी एकच प्रॉम्प्ट आणि एकाच कागदावर सहा चेहरे. एका चित्रात, एका दमात काढले की सहाही चेहरे एकमेकांशी पुष्कळ जुळतात.

पण आधी शेळी ठरवायला हवी. आमच्या भागात घरोघरी काळी उस्मानाबादी, म्हणून आम्ही काळीच मागितली. ती फसली, कारण काळ्या तोंडावर भुवया आणि ओठ दिसेनात. मग फिकट तपकिरी रंग घेतला, तोंडाचा पुढचा भाग पांढरा. खऱ्या शेळीला भुवया नसतात, पण भाव दाखवायला त्या लागतात, तर भुवया तिच्या रूपाचाच भाग म्हणून लिहिल्या. आणि डोळ्याची बाहुली! खऱ्या शेळीची बाहुली आडवी असते. आम्ही ते लिहिलं नव्हतं, तर दोन चेहऱ्यांत आडवी आली आणि चारांत गोल.

शेवटी शेळीचं वर्णन असं ठरलं. लिहून घ्यायचं असेल तर घ्या:

"एकच कार्टून शेळी. अंग फिकट तपकिरी, तोंडाचा पुढचा भाग पांढरा. कपाळाच्या मधोमध एक गोल पांढरा ठिपका. दोन आखूड शिंगं, मागे वळलेली. दोन लांब लोंबते कान. दोन जाड गडद भुवया. गोल डोळे, गोल काळ्या बाहुल्या. हनुवटी गोल आणि गुळगुळीत. गळ्यात लाल दोरा आणि त्यात एक पितळी घंटी."

यात मोजता येतील अशाच गोष्टी आहेत. "गोड शेळी", "छान शेळी" असं लिहिलं की एआय दर वेळी आपल्या मनाचं छान काढतं. ठिपका आम्ही मुद्दाम मधोमध घेतला. आधी एका डोळ्याभोवती घेतला होता, तो कधी डाव्या डोळ्याला येई, कधी उजव्या. आणि हनुवटीचं म्हणाल तर, पहिल्यांदा आम्ही "दाढी नको" असं लिहिलं होतं. झकास दाढी आली. नको त्याचं नाव काढलं की बऱ्याचदा तेच उगवतं. म्हणून काय नको ते न लिहिता काय हवं ते लिहायचं.

त्याच्या पुढे मांडणी: "एका उभ्या पानावर सहा चौकटी, दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. प्रत्येक चौकटीत हीच शेळी, फक्त डोकं आणि गळा, समोरून, एकाच आकाराची. पाठीमागे कोरं पांढरं. अक्षरं नाहीत. चौकटीचौकटीत फक्त भुवया, पापण्या, तोंड आणि कानांची ठेवण बदलते." आता "अक्षरं नाहीत" हा आमचाच नियम मोडला, ते खरं. पण अक्षरं आली तरी चालतील, खोडता येतात. दाढी खोडता येत नाही. बारा चेहरेही मागून पाहिले, पण मग प्रत्येक चेहऱ्याला जागा इतकी थोडी उरते की डोळे विरघळल्यासारखे होतात. सहा पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भाव. भावाचं नुसतं नाव द्यायचं नाही, चेहऱ्याचा कुठला भाग कुठे गेला ते सांगायचं. आपल्याच चेहऱ्यावर करून बघा, आम्ही आरसा मधे ठेवून केलं आणि हसून हसून पोट दुखलं. पहिली चौकट शांत: भुवया सरळ, तोंड मिटलेलं. ही मूळ शेळी. आनंदात तोंडाचे कोपरे वर आणि डोळे जरा बारीक. दुःखात भुवयांची आतली टोकं वर, पापण्या अर्ध्या खाली, ओठांचे कोपरे खाली. रागात भुवयांची आतली टोकं खाली आणि एकमेकींजवळ, तोंड घट्ट. "रागीट" हा शब्दच काढून टाकला, आणि तांबडा रंग गेला!

भीती आणि आश्चर्य मात्र आम्हाला जड गेली. दोन्हीत डोळे मोठे, दोन्हीत भुवया वर, त्यामुळे दोन्ही चेहरे सारखेच आले. फरक असा आहे: आश्चर्यात भुवया कमानीसारख्या वर आणि तोंड गोल उघडं. भीतीत भुवया वर जातात पण आत ओढल्या जातात, आणि तोंड गोल होत नाही, आडवं ताणलं जातं. आम्ही त्यात कान मागे दबलेले घातले. मग कुठे पोरांना दोन्ही वेगळे कळले.

कागद हातात आला की दोन तपासण्या करा. पहिली: कागदाच्या पट्टीनं सहाही चेहऱ्यांच्या भुवया, डोळे आणि तोंड झाका. कानांची ठेवण सोडली तर उरलेल्या सहा शेळ्या हुबेहूब सारख्या दिसल्या पाहिजेत. शिंगं मोजा, ठिपका बघा, घंटी मोजा. दुसरी उलटी: कागदाला भोक पाडून फक्त भुवया, डोळे आणि तोंड दिसू द्या आणि चित्र न पाहिलेल्या कुणाला तरी विचारा, हिला काय झालंय? शिंगं आणि रंग न पाहता भाव ओळखता आला, तर तो चेहऱ्यातून आला.

आमच्या कागदावर पहिल्या तपासणीत रागाच्या चौकटीत ठिपका लांबट निघाला आणि भीतीच्या चौकटीत घंटी गायब. सगळा कागद पुन्हा काढायला सांगितला, तर जे चांगलं होतं तेही बिघडलं. मग कॉलेजवालीनं शांत शेळीची चौकट कापून वेगळी ठेवली. ते चित्र एआयला परत द्यायचं आणि लिहायचं: "हीच शेळी. फक्त भुवयांची आतली टोकं खाली आणि जवळ, तोंड घट्ट. बाकी सगळं जसंच्या तसं." प्रत्येक दुरुस्ती त्या शांत शेळीवरूनच करायची, दुरुस्त केलेलीवरून पुढची नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर पुसट होत जातं ना, तसं इथं शेळीचं तोंड हळूहळू बदलत जातं, आणि आपल्याला ते चौथ्या-पाचव्या चित्राला कळतं.

याच रीतीनं एकेक चेहरा मोठाही काढून घेता येतो. सहा चेहऱ्यांचा कागद मोठा करून छापला तर फाटल्यासारखा दिसतो. कार्डासाठी आम्ही प्रत्येक चेहरा वेगळा, पूर्ण आकाराचा काढला. भीतीच्या शेळीची घंटी तीन वेळा सांगूनही आली नाही. शेवटी छापल्यावर पिवळ्या स्केचपेननं आम्हीच काढली. नावंही हातानंच लिहिली, कारण एआयनं काढलेल्या मराठी अक्षरांत काना एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे.

तीच चिमुरडी नवी कार्डं घेऊन बसली. सहाही एकावर एक रचली आणि म्हणाली, "एकच आहे. सकाळी रडली, आता हसली." मग ताईंकडे बघून विचारलं, "हिची रुसलेली कुठाय?"

रुसलेली आमच्याकडे नव्हती. एआयला तो शब्द कळेना, त्यानं रागावलेलीच दिली. सध्या आम्ही लिहून पाहतोय: पापण्या अर्ध्या, दोन्ही बाहुल्या पाहणाऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात, भुवया सरळ, खालचा ओठ पुढे. मान वळवायची नाही, नाहीतर चेहरा समोरून राहत नाही आणि शेळी पुन्हा वेगळी दिसते. काल आलेलं चित्र पुष्कळ जवळ आहे, फक्त ओठ अजून रुसत नाही.