पगार मूळ धरा, इन्सेन्टिव्ह वेगळा ठेवा

ट्रॅक्टरच्या शोरूममधल्या विक्रेत्याचं वर्ष दसरा, दिवाळी आणि पाडव्याभोवती फिरतं. पितृपक्षात बुकिंग जवळजवळ थांबतं, कारण नवी खरेदी त्या पंधरवड्यात अनेकजण टाळतात.

समजा, हातात येणारा मूळ पगार २५,००० रुपये आहे आणि दिवाळीच्या महिन्यात इन्सेन्टिव्हचे ६०,००० आले. घरभाडं, किराणा, शाळेची फी आणि कर्जाचे हप्ते हे सगळं २५,०००मध्येच बसवायचं. गल्लत होते ती बहुधा हप्त्यात. कर्ज देताना काही बँका इन्सेन्टिव्हची सरासरीही उत्पन्नात धरतात, त्यामुळे कर्ज मोठं मंजूर होतं आणि श्रावण-भाद्रपदात हप्ता चुकतो.

साठ हजार वेगळ्या खात्यात टाका, पण लगेच गुंतवू नका. बुकिंग रद्द झालं तर पुष्कळ ठिकाणी त्यावरचा इन्सेन्टिव्ह पुढच्या पगारातून कापून घेतात. शिवाय ही रक्कम पगारातच मोजली जाते, म्हणून वर्षभराचा कर एकदा मांडून पाहावा. डिलिव्हरी पूर्ण झाल्या की आधी पाच महिन्यांचा घरखर्च लिक्विड फंडात साठवा. तो साठल्यावर वरचे पैसे त्याच फंडातून दरमहा चार-पाच हजारांनी इंडेक्स फंडात वळते करता येतात. याला एसटीपी म्हणतात. मंदीच्या महिन्यात नवे पैसे आले नाहीत तरी शिल्लक असेपर्यंत गुंतवणूक चालू राहते. मोठी एसआयपी मात्र तेजीच्या भरात सुरू करू नये. बँकेत पैसे नसतील तर हप्ता परत जातो आणि बँक वर दंडही लावते.